घाट के ऊपर?

माझा भाचा घाटकोपरला राहतो. पाचवीत आहे. गेल्या महिन्यात ‘माझा परिसर’ या प्रकल्पाची वही घेऊन तो माझ्याकडे आला. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘घाट के ऊपर वसलेलं गाव म्हणून घाटकोपर.’ खाली एक डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर एक घर. “मावशी, हे सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. खरंच आहे. मी लहानपणापासून हेच ऐकत आले आहे, रिक्षात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत.

मी त्याला एवढंच विचारलं, की हे नाव ठेवलं कोणी? इथे आधीपासून राहणारे कोळी, आगरी, भंडारी, कुणबी. त्यांची बोली मराठी. त्यांनी आपल्या गावाला ‘के ऊपर’ असं हिंदी नाव कशाला दिलं असतं? त्यांना ‘घाटावर’ हा शब्द चांगला ठाऊक होता. पण कोकणातल्या माणसाचं ‘घाटावर’ म्हणजे सह्याद्री चढून गेल्यावर लागणारा मुलूख, पुणे-सातारा. तिथली माणसं ती घाटावरची माणसं. घाटकोपर घाटाखाली आहे, खाडीच्या शेजारी. ज्या भाषेत हे गाव वसलं त्या भाषेच्या हिशेबाने ते घाटाच्या वर नव्हतंच.

मग मी त्याला नकाशा उघडायला सांगितला आणि ‘कोपर’ शोधायला लावलं. डोंबिवलीच्या शेजारचं कोपर स्टेशन सापडलं. ठाण्याची कोपरी सापडली. वाशीच्या पुढचं कोपरखैरणे सापडलं. तिन्ही खाडीच्या आसपासची गावं, आणि यातल्या एकातही कशाच्या ‘ऊपर’ असण्याची सोय नाही. नुसत्या ‘कोपर’मधला ‘क’ कुठून आणायचा? ‘कशाच्या के ऊपर’ हे सांगायला आधी काही नावच नाही. मराठीत मात्र कोपर हा शब्द आहे, हाताचा. संस्कृत ‘कूर्पर’पासून तो आला, जसा ‘सर्प’चा साप झाला आणि ‘कर्पूर’चा कापूर. हात दुमडला की जो कोन होतो तो कोपर, आणि दोन भिंती मिळतात तो कोपरा. जमिनीच्या किंवा खाडीच्या वळणावरच्या गावाला हे नाव सहज शोभतं. भाच्याने आपला हात दुमडून पाहिला, मग नकाशा पाहिला, आणि डोंगरावरचं घर खोडरबराने पुसायला घेतलं.

अशा गोष्टीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ओळखीच्या शब्दांत न बसणारं नाव कानावर पडलं की आपण त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला माहीत असलेला अर्थ देतो. कधी नुसती गोष्ट तयार होते, कधी शब्दच बदलतो. इंग्रजी ‘लँटर्न’चं ‘लालटेण’ झालं, कारण ‘लाल’ आपल्या ओळखीचा होता. यात कुणाचा खोटेपणा नसतो. मेंदूला अर्थ हवा असतो आणि तो मिळाला की शोध थांबतो. खरी अडचण इथेच आहे, कारण असा अर्थ मिळणं फार सोपं असतं. मुंबईच्या उपनगरात माणसाच्या कानात मराठी, हिंदी, गुजराती, फारसी, संस्कृत आणि इंग्रजी अशा सहा भाषांचे शब्द असतात, आणि प्रत्येक भाषेत एक-दोन अक्षरांचे शेकडो शब्द. तीन-चार अक्षरांचं कुठलंही नाव घ्या, ते दोन जागी कापा, काहीतरी जुळतंच. मालाडमध्ये ‘माल’ आणि ‘आड’ सापडतात, कांदिवलीत ‘कांदेवाली’ ऐकू येते. हे मी आत्ता लिहिता लिहिता जुळवलं, त्यात तथ्य काहीच नाही. दोन शब्दांचं साम्य हा पुरावा नसतो, कारण साम्य योगायोगानेही भरपूर मिळतं.

पुरावा असतो नियम. उच्चार काळाच्या ओघात बदलतात, पण मनमानी बदलत नाहीत. एका शब्दात जे झालं ते त्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या शब्दांतही झालेलं दिसतं. म्हणून व्युत्पत्ती तपासताना मी त्या शब्दाची भावंडं शोधते. फ्रेंच भाषापंडित ज्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, कृ. पां. कुलकर्ण्यांनी मराठी व्युत्पत्तिकोश केला, आणि दोघांच्याही कामाचा कणा हीच तपासणी आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या मध्य रेल्वेवरच आहे. फलाटावरच्या पाटीवर मराठीत ‘शीव’ लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत ‘सायन’. इंग्रजी स्पेलिंग वाचणारे सांगतात, की जेरुसलेमच्या झायन टेकडीवरून हे नाव पडलं. इथे टेकडी आहे, जुना किल्ला आहे, पाद्री होते, सगळं जमतं. मराठी वाचणाऱ्यांपैकी अनेकांना त्यात शंकर दिसतो. दोन्ही गोष्टी देखण्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आता भावंडं पाहू. संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये ‘म’ आला, की मराठीत येईपर्यंत त्याचा बहुधा ‘व’ होतो. ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकचा आवळा, श्यामलचा सावळा, भ्रमरचा भोवरा. ‘म’ जाताना आपला नाकातला उच्चार मागे ठेवून गेला होता. म्हणून १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपण ‘गांव’, ‘नांव’ असं अनुस्वार देऊन लिहीत होतो. आजोबांची जुनी पत्रं काढून पाहा, ते टिंब तिथे सापडेल. दुसरा नियम असा, की मराठीत ‘इ’ किंवा ‘ई’च्या आधीच्या ‘स’चा ‘श’ होतो. हिंदीत सिलाई, मराठीत शिलाई. हिंदीत भाजी सीझते, मराठीत शिजते. आता ‘सीमा’ हा शब्द या दोन नियमांतून काढा. ‘म’चा ‘व’, ‘स’चा ‘श’, हाती येते ‘शींव’, आणि पुढे ‘शीव’. हा शब्द आपण आजही वापरतो. गावाची शीव, शिवेवरचं झाड, शिवेवरची भांडणं.

एवढं करूनही मी थांबले नसते, कारण उच्चार जुळला तरी अर्थ जागेवर बसायला हवा. तो बसतो. मुंबई बेट इथे संपत होतं आणि खाडीपलीकडे साष्टी बेट सुरू होत होतं. सतराव्या शतकात बेट इंग्रजांकडे गेलं, तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये मराठे उतरेपर्यंत. त्या काळी टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला तो याच सरहद्दीवर लक्ष ठेवायला. आजही मुंबई शहर जिल्हा माहीम-शीवला संपतो आणि पलीकडे कुर्ल्यापासून मुंबई उपनगर जिल्हा लागतो. नाव आपलं काम अजून करतं आहे.

हीच तपासणी खुद्द मुंबईच्या नावावर करता येते. पोर्तुगीज आले, त्यांनी हे बंदर पाहिलं, ‘बोम बाईआ’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ म्हणाले आणि त्याचं बॉम्बे झालं, ही गोष्ट कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत आहे. पहिली अडचण व्याकरणाची. पोर्तुगीजमध्ये ‘बाईआ’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण. पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाईआ’ म्हणेल. आपण ‘चांगला खाडी’ म्हणत नाही, तसंच. दुसरी अडचण जुन्या कागदांची. १५२५ च्या नोंदीत ‘मोंबाईन’ आहे, १५५२ मध्ये ‘बोंबाईम’, १५६३ मध्ये पुन्हा ‘मोंबाईम’. नावाच्या सुरुवातीला खरोखर ‘चांगला’ असता, तर लिहिणाऱ्यांनी त्याचा ‘म’ केला नसता. कानावर ‘मुंबई’ पडत होतं म्हणून ‘म’ परत परत वर येत राहिला.

तरीही शेवटच्या ‘ईम’चं काय, असं विचारणारा चतुर असतो. त्याने वसईला जावं. पोर्तुगीज वसईला ‘बसाईम’ म्हणत. पणजीला ‘पंजिम’, कोचीला ‘कोचीम’. आपल्या ‘ई’पुढे ते आपल्या सवयीचा अनुनासिक लावत. मुंबईचं बोंबाईम हे त्या रांगेतलं चौथं भावंड. वसईत किंवा पणजीत कुणी ‘चांगला’ काहीतरी शोधत बसत नाही, मग मुंबईतच तो का शोधायचा?

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे, तर वडापावातल्या पावाचंही सांगते. पीठ पायांनी तुडवायचे म्हणून ‘पाव’, असं मला एका शेजारणीने सांगितलं होतं, आणि लहानपणी कितीतरी दिवस मी पाव हातात घेऊन त्याकडे पाहत असे. गोष्टीत चित्र असलं की ती मनातून निघत नाही. पण पावाला पोर्तुगीज भाषेत ‘पाँव’सारखंच काहीतरी म्हणतात, नाकातून, आणि गोव्याच्या कोकणीत तो नाकातला उच्चार आजही शाबूत आहे. मराठीत तो गळला, जसा गावातून आणि नावातून गळला. शिवाय पाव एकटा आलेला नाही. बटाटा, काजू, अननस, हापूस, कोबी, चावी, पगार, घमेलं ही सगळी पोर्तुगीजांबरोबर आलेली मंडळी. ज्यांनी भट्टी आणली, त्यांनीच शब्दही आणला.

भाच्याची वही मी परत वाचली. त्याने लिहिलं होतं, ‘घाटकोपर म्हणजे घाटाचा कोपरा.’ मी त्याला ‘बहुतेक’ हा शब्द घालायला सांगितला, आणि तो रुसला. बहुतेक कशाला, आपण तर सिद्ध केलं ना? मी समजावलं, की ‘के ऊपर’ चूक आहे हे आपण चांगलं दाखवलं. कोपरा बरोबर आहे हे तेवढं दाखवलेलं नाही. नावातला ‘घाट’ डोंगराचा की पाण्याकाठच्या पायऱ्यांचा, हेच आपण तपासलेलं नाही. उद्या एखादी जुनी सनद निघाली आणि तिच्यात ‘घाटखोपर’ असा उच्चार दिसला, तर आपला कोपराही पडेल, आणि मग आपल्याला खोपट आणि खोपी या शब्दांकडे वळून नव्याने भावंडं शोधावी लागतील.

त्याने थोडा वेळ विचार केला. मग ‘बहुतेक’ लिहिलं, पेनाने नाही, पेन्सिलीने.