‘कमिट’ झालं म्हणजे नक्की काय झालं?

मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. म्हणून कोणी दुकानाच्या कॉम्प्युटरची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची म्हटलं, की मी वेगाबद्दल बोलत नाही. एवढंच विचारतो, लाइट गेली तर शेवटचं बिल राहील का?

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठीच तर डेटाबेस असतो! बरोबर. पण डेटाबेस ‘कमिट झालं’ म्हणतो तेव्हा मूळ तक्त्यातली पानं बहुधा अजून मेमरीतच असतात. डिस्कवर गेलेली असते ती फक्त लॉगच्या शेवटी जोडलेली एक नोंद. लाइट आल्यावर तो लॉग पुन्हा वाचून तक्ता दुरुस्त केला जातो. ही रचना चुंबकीय डिस्क डोळ्यासमोर ठेवून झाली. डोकं इकडून तिकडे नेणं फार महाग, पण एकाच जागी पुढे पुढे लिहिणं स्वस्त.

यात एक गंमत होती. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. लॉगची पुढची नोंद लिहायला तबकडी पुन्हा फिरून डोक्याखाली यावी लागते, त्यामुळे एकामागून एक कमिट केले तर सेकंदाला साधारण १२० च्या वर जाणं शक्यच नाही. पोस्टग्रेससोबत हे मोजायचं साधन मिळतं:

```
pg_test_fsync -f /data/test.out
```

हार्डडिस्कवर आकडा शंभरच्या आसपास आला तर डिस्क खरं बोलतेय. दोन-तीन हजार आला तर ती नोंद आपल्या कॅशमध्ये ठेवून ‘लिहिलं’ म्हणून थापा मारतेय. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे आकडा हजारांत आला तरी त्यावरून खरं-खोटं कळत नाही. आपली फूटपट्टीच गेली!

आणखी एक गृहीतक गेलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हार्डडिस्कवर लिहिताना लाइट गेली तर फार तर लिहिलं जात असलेलं पान अर्धवट राहायचं. त्याची सोय पोस्टग्रेसने `full_page_writes` मध्ये केलेली आहे. ज्या पानाला हात लावला नाही ते सुरक्षित, असं सगळे धरून चालायचे. फ्लॅशमध्ये मात्र लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून एसएसडी नवं पान दुसरीकडेच लिहिते, ‘कुठलं पान कुठे’ याची वही ठेवते, आणि ब्लॉक मोकळा करायला त्यातली चालू पानं स्वतःच हलवते. ही वही काही काळ तिच्या मेमरीत असते. शिवाय एकाच सेलमध्ये दोन किंवा तीन बिट असल्यामुळे नवा बिट लिहिताना वीज गेली तर त्याच सेलमधला जुना बिटही बिघडू शकतो. म्हणजे नुकसान आजच्या बिलाचंच होईल असं नाही, चार वर्षांपूर्वीच्या खात्याचंही होऊ शकतं.

ही नुसती भीती नव्हे. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. त्यांतल्या १३ मध्ये काही ना काही बिघाड निघाला.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदार काकांना हे समजावताना मी बिलाचंच उदाहरण घेतलं. समजा, ५१२ नंबरचं बिल छापून गिऱ्हाइकाच्या हातात गेलं, तेवढ्यात लाइट गेली. एसएसडीने शेवटच्या तीन नोंदी खरं तर लिहिल्याच नव्हत्या. चालू झाल्यावर पोस्टग्रेस लॉग वाचत ५०९ पर्यंत येतो, पुढे धड नोंद दिसत नाही, आणि लॉग इथेच संपला असं समजून कामाला लागतो. कुठलीही एरर येत नाही. काका म्हणाले, “बिल तर छापून दिलंय, मगे ता गेला खंय?”

तपासायचा मार्ग सोपा आहे, फक्त तो रिकाम्या मशीनवर करायचा. एका छोट्या प्रोग्रॅमने `bill` तक्त्यात एकेक नंबर घालून कमिट करत राहायचं, आणि कमिट झाल्यावरच तो नंबर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायचा. मध्येच सरळ प्लग उपटायचा (लॅपटॉप असेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर परीक्षा कसली!). पुन्हा चालू केल्यावर बघायचं:

```
SELECT max(no) FROM bill;
```

हा आकडा दुसऱ्या मशीनवरच्या शेवटच्या नंबरपेक्षा कमी आला, तर ती एसएसडी हिशेबाच्या कामाची नाही. एकदा पास झाली म्हणून सोडू नका, दहा-वीस वेळा उपटा.

विकत घेताना वीज गेल्यावर आतलं काम पुरं करण्यापुरते कपॅसिटर असलेली एसएसडी मागायची. ती महाग पडते. नसेल परवडत तर यूपीएस हवाच, पण तोही यूएसबीने जोडून बॅटरी उतरायच्या आत मशीन आपोआप बंद करणारा. तौक्तेसारख्या वेळी पंधरा मिनिटांच्या बॅटरीचा दुसरा उपयोग नाही.

जुन्या पानांसाठी चेकसम चालू ठेवा. `SHOW data_checksums;` ला `on` उत्तर यायला हवं. पोस्टग्रेस १८ पासून नव्या डेटाबेसला ते आपोआप चालू असतात. बिघडलेलं पान त्याने पकडलं जातं. मात्र वहीच मागे गेल्यामुळे एखाद्या पानाची जुनी पण धड प्रत परत आली, तर तिचा चेकसम बरोबरच जुळतो. ती चूक छापील बिलांशी ताळा केल्यावरच सापडते.