पिवळा फोन, नारिंगी पैसे

पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर अप्पांची नोकरी गेली. धाग्यासारख्या बारीक अक्षरातली बार्निशी ते दिव्याखाली वाचत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मोबाइलवरची नावं पुसट दिसू लागली, तेव्हा त्यांनी आधी काच पुसली, मग चष्मा पुसला, आणि शेवटी फोनच खराब झाला असं जाहीर करून टाकलं. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. साखर आटोक्यात आली की शस्त्रक्रिया करू, असं डॉक्टर म्हणाले. मधले काही महिने फोन वापरायचा कसा, हा प्रश्न सुनेच्या गळ्यात पडला.

कोणीही करेल तेच तिनं केलं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन दोन्ही पट्ट्या उजव्या टोकाला ढकलल्या. या दोन पट्ट्यांचं काम वेगळं असतं. ‘फॉन्ट साइझ’ची पट्टी फक्त अक्षरं मोठी करते. ‘डिस्प्ले साइझ’ची पट्टी अक्षरांसकट बटणं, चौकटी, मधल्या मोकळ्या जागा असं सगळंच फुगवते. दोन्ही टोकाला नेल्या की फोनच्या पडद्यावर जागा उरत नाही. अप्पांचंही तसंच झालं. आयकॉनखालची नावं अर्ध्यावर तुटून पुढे टिंबं आली, आणि बँकेच्या ॲपमधलं पैसे पाठवण्याचं बटण कीबोर्डच्या मागे गेलं. ओटीपी आला, पण तो टाकून दाबायचं कुठे?

“सूनबाई, मोठं झालंय खरं, पण दिसत नाही,” अप्पा म्हणाले.

या वाक्यात नेत्रविज्ञानाचा मोठा भाग आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि आत येणारा प्रकाश विखुरतं. पांढरा भगभगीत पडदा समोर आला की तो विखुरलेला प्रकाश सगळ्या चित्रावर पसरतो आणि काळं अक्षर करडं होतं. म्हणजे अडचण आकाराची कमी आणि उठावाची जास्त. शिवाय वयानुसार भिंग पिवळसर होतं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवतं. त्यामुळे गडद निळं आणि काळं एकसारखं भासतं. अप्पांचं पैसे पाठवण्याचं ॲप जांभळं होतं. त्यांच्या लेखी तो नुसता काळा डाग होता. व्हॉट्सॲप आणि फोन हे दोन्ही हिरवे, दोन्हींवर रिसीव्हर, त्यामुळे मुलाला फोन लावायला गेले की नातेवाइकांचे सुप्रभात संदेश उघडत.

मागे वॉलपेपर होता नातवाच्या वाढदिवसाचा, फुगे आणि रोषणाईसकट. आयकॉनखालची पांढरी नावं त्या रोषणाईत विरघळून जात. तो काढायचा म्हटल्यावर अप्पा रुसले. शेवटी फोटो लॉक स्क्रीनवर ठेवायचा आणि आतली होम स्क्रीन पूर्ण काळी करायची, असा तह झाला. माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक या एका बदलानं पडला, आणि त्याला कोणतंही ॲप लागत नाही.

मग दोन्ही पट्ट्या थोड्या मागे आणल्या. फॉन्ट मोठा ठेवला, डिस्प्लेचा आकार मधला ठेवला. बँकेच्या ॲपसारख्या हट्टी ठिकाणांसाठी ॲक्सेसिबिलिटीमधलं मॅग्निफिकेशन चालू केलं. त्याचं छोटं बटण दाबून पडद्यावर टॅप केलं की तेवढा भाग मोठा होतो, आणि दोन बोटं टेकवून सरकवलं की बाजूचा भाग दिसतो. मराठी मजकूर असेल तर फॉन्ट वाढवल्यावर एकदा वाचून घ्यावा. काही ॲप्समध्ये वेलांटी आणि रफाराचं डोकं कापलं जातं.

आता रंगांची पाळी. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘कलर करेक्शन’ दिसलं तेव्हा हेच ते, असं सुनेला वाटलं. पण ती सोय रंगांधळेपणासाठी आहे, मोतीबिंदूला तिचा उपयोग नाही. ‘कलर इन्व्हर्जन’नं पांढरा पडदा काळा झाला खरा, पण फोटोंतली माणसं निगेटिव्हसारखी दिसू लागली. त्यापेक्षा डार्क थीम बरी, तिच्यात फोटो जसेच्या तसे राहतात. मात्र हे प्रत्येकाला लागू नाही. ज्यांना दृष्टिवैषम्याचा, म्हणजे सिलिंडरचा, मोठा नंबर आहे त्यांना काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरलेलं दिसू शकतं. अशांनी दोन्ही तऱ्हा करून पाहाव्यात.

प्रत्येक आयकॉनचा रंग स्वतंत्रपणे बदलण्याची सोय बऱ्याच फोनांच्या मूळ होम स्क्रीनवर नसते. त्यासाठी वेगळा लाँचर घ्यावा लागतो. लाँचर म्हणजे होम स्क्रीन चालवणारं ॲप. अनेक लाँचरमध्ये आयकॉनवर बोट दाबून धरलं की त्याचं चित्र आणि नाव बदलता येतं, आणि ओळीत किती आयकॉन बसवायचे तेही ठरवता येतं. इथे एक सावधगिरी हवी. लाँचर प्ले स्टोअरवरूनच घ्यावा. आयकॉन मोठे करायला एसएमएस वाचण्याची गरज पडत नाही. तशी परवानगी मागणारा लाँचर लगेच काढून टाकावा.

रंग निवडताना सुनेनं उजेडाच्या फरकाकडे पाहिलं. दोन रंगांतल्या उजेडाचं गुणोत्तर मोजता येतं. काळ्यावर पांढरं हे 21 ला 1, काळ्यावर पिवळं साधारण साडेएकोणीस, आणि काळ्यावर शुद्ध निळं जेमतेम अडीच. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला किमान साडेचार लागतात. म्हणून फोन पिवळा केला, त्यावर काळा रिसीव्हर. मेसेज पांढरा, त्यावर काळं पाकीट. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दोनदा मेसेज उघडून “हॅलो, हॅलो” केलं. पिवळसर भिंगातून पांढरं आणि पिवळं शेजारी शेजारी सारखंच दिसतं, हे तिच्या तरुण डोळ्यांना कळणार कसं! मग पांढरा मेसेज खालच्या कोपऱ्यात गेला, पिवळ्याशेजारी व्हॉट्सॲप फिकट हिरवं होऊन आलं, आणि पैशांचं ॲप नारिंगी झालं, त्यावर काळा रुपया.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. अनेक फोनांत कलर करेक्शनमध्येच ‘ग्रेस्केल’ असतं. ते क्षणभर चालू करावं. सगळे रंग गेल्यावरही आयकॉन काळ्यावर उठून दिसत असतील आणि आतली खूण ओळखू येत असेल, तर निवड ठीक. ज्या चौकोनात खूण बुडते, तो बदलावा.

शेवटचं काम अप्पांनी स्वतः सुचवलं. कार्यालयात अंधारातही हात बरोबर रजिस्टरवर जाई, कारण रॅकमधली जागा कोणी बदलत नसे. इथे मात्र बोट जरा रेंगाळलं की आयकॉन उचलला जाऊन भलतीकडे जाऊन बसे. लाँचरमध्ये होम स्क्रीनची मांडणी लॉक करण्याची सोय सापडली, ती चालू केली. आता एकच पान आहे, त्यावर सहा आयकॉन, बाकी सगळं आत. घरातल्या कोणीही त्यांची जागा बदलायची नाही, अशी तोंडी ऑर्डर निघाली आहे.

शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ भिंग बसलं की निळा रंग एकदम झगझगीत दिसतो आणि ही मांडणी पुन्हा तपासावी लागते. तोवर हे चालतं. पण डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं वाटलं, विजेसारखे झगमगाट दिसले किंवा दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर तो मोतीबिंदू नव्हे. मग सेटिंग्ज उघडत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.