लॅपटॉपमधील चोरीचे विंडोज आणि आपल्या हक्काचे विंडोज

२०२१ साली कोरोनामुळे महाविद्यालये बंद होती आणि शिक्षण मोबाईल-लॅपटॉपवर आले होते. त्या वेळी नागभीड तालुक्यातील अनेक पालकांनी पोटाला चिमटा काढून जुने लॅपटॉप घेतले. त्यांपैकी एक लॅपटॉप पुढे आमच्याकडे दुरुस्तीसाठी आला. त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, कारण तशी वेळ आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा तो लॅपटॉप होता. शहरातील एका दुकानदाराने सहाशे रुपये घेऊन त्यात 'विंडोज प्रो आणि पूर्ण ऑफिस' टाकून दिले. पावती दिली नाही. सहा महिने सर्व सुरळीत चालले. त्यानंतर पडद्यावर विंडोज अॅक्टिव्हेट करण्याची सूचना येऊ लागली. दुकान दूर असल्याने त्या मुलीने इंटरनेटवरून स्वतःच एक 'अॅक्टिव्हेटर' उतरवून घेतला. त्यासोबत दोन सूचना होत्या: आधी अँटिव्हायरस बंद करा, आणि फाईल उघडण्यासाठी १२३४ हा पासवर्ड टाका. तिने तसे केले. दुसऱ्या दिवशी तिच्या प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे जोडली गेली होती आणि एकही फाईल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt` नावाची चिठ्ठी होती. फाईली परत हव्या असतील तर ९८० डॉलर द्या, तीन दिवसांत दिल्यास निम्मे, असे तीत लिहिले होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी भरायची सर्व कागदपत्रे त्यातच स्कॅन करून ठेवलेली होती.

हे का घडले, ते समजून घेतले पाहिजे. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक असतात. तेथे प्रत्येकाला वेगळी चावी देण्याऐवजी कार्यालयाचाच एक मुख्य संगणक बाकीच्यांना मान्यता देतो. या पद्धतीला केएमएस म्हणतात. ही मान्यता १८० दिवसांची असते व ती पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. या प्रकारचा अॅक्टिव्हेटर आपल्या लॅपटॉपला खोटेच भासवतो की असा मुख्य संगणक अस्तित्वात आहे. सहा महिन्यांनी सूचना का आली, याचे उत्तर या १८० दिवसांत आहे.

ही फसवणूक करण्यासाठी त्या प्रोग्रॅमला लॅपटॉपचे सर्वाधिकार द्यावे लागतात आणि पहारेकऱ्याला, म्हणजे अँटिव्हायरसला, बाजूला करावे लागते. फाईलला पासवर्ड लावण्याचे कारणही हेच, की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. प्रत्येक अॅक्टिव्हेटरमध्ये विषाणू असतोच असे आम्ही म्हणत नाही. परंतु दार उघडे ठेवून पहारेकरी घरी पाठवल्यावर आत कोण आले, हे सांगणार कोण? या मुलीच्या लॅपटॉपमध्ये आला तो 'स्टॉप-डीजेव्हीयू' या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर विषाणू. त्याने कुलूपबंद केलेल्या काही फाईली सोडवणारे मोफत साधन २०१९ पासून उपलब्ध आहे. मात्र नव्या प्रकारांत, इंटरनेट चालू असताना विषाणूने दुरून वेगळी किल्ली मागवली असेल, तर ते चालत नाही. येथे तसेच झाले. मूळ कागद घरी होते म्हणून अर्ज कसाबसा मुदतीत भरला गेला, पण दोन वर्षांच्या टिपणवह्या गेल्या त्या गेल्याच. दुसरे काही विषाणू फाईलींना हातही लावत नाहीत, ते ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड गुपचूप पाठवून देतात. म्हणून अशा प्रसंगी दुसऱ्या संगणकावरून सर्व पासवर्ड बदलणे आवश्यक असते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान सात दिवसांचा कारावास व किमान पन्नास हजार रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारण नोंदवून कारावास माफ करू शकते.

आपला लॅपटॉप कसा ओळखावा? विंडोजचे बटण व आर एकत्र दाबून पुढील आज्ञा द्यावी.

```
slmgr /xpr
```

उत्तरात `Volume activation will expire` असे लिहून तारीख आली आणि लॅपटॉप कोणत्याही संस्थेचा नसेल, तर तो केएमएसचा खोटा परवाना समजावा. `permanently activated` असे आले तरी ती पूर्ण खात्री नव्हे, कारण काही लबाड पद्धती तेही दाखवतात. सोबत पावती हवीच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या लॅपटॉपवर आम्ही पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा दिली.

```
(Get-CimInstance SoftwareLicensingService).OA3xOriginalProductKey
```

पडद्यावर पंचवीस अक्षरांची चावी उमटली! म्हणजे हा लॅपटॉप कारखान्यातून विंडोज १० होमचा परवाना घेऊनच आला होता. ही चावी यंत्राच्या मदरबोर्डवर कोरलेली असते आणि जुना लॅपटॉप विकला तरी यंत्रासोबतच जाते. दुकानदाराने हक्काचे होम पुसून चोरीचे प्रो टाकले होते. आम्ही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज मोफत उतरवून पेनड्राइव्हवर घेतले, डिस्क पूर्ण पुसली आणि ते टाकले. चावी विचारलीही गेली नाही. खर्च आला तो फक्त आठ जीबीच्या पेनड्राइव्हचा.

चावी निघाली नाही तर काय करावे? इंटरनेटवर तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या चाव्या घेऊ नयेत. त्या बहुधा एखाद्या संस्थेच्या फुटलेल्या चाव्या असतात व केव्हाही बंद पडतात. त्याऐवजी लिनक्स मिंट टाकावे. ते मोफत व कायदेशीर असून चार जीबी रॅमवर चालते. पेनड्राइव्हवरून चालवून आधी पाहता येते, डिस्कला धक्का लागत नाही. हाच लॅपटॉप पुढे विंडोज ११ च्या अटींत बसला नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा आम्ही त्यावर मिंटच बसवले.

ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस वापरावे. ते विंडोजवरही मोफत चालते आणि वर्ड-एक्सेलच्या फाईली उघडते. मराठीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक उत्तम चालतो. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसल्यास इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि वर्डमधील तक्ते कधी कधी सरकतात. म्हणून अर्ज वा बायोडाटा पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावा. नेमके वर्डच हवे असेल तेव्हा मोफत खाते उघडून ब्राउझरमधील वर्ड वापरता येते. त्यास इंटरनेट मात्र लागते. टंकलेखन परीक्षेचा सराव करणाऱ्यांनी आपल्या संस्थेत कोणता प्रोग्रॅम व कळफलक आहे, हे आधी विचारून घ्यावे.

ती विद्यार्थिनी आता दाखल्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवते आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून ठेवत नाही. लावलेला पेनड्राइव्हही विषाणू कुलूपबंद करतो, हे तिला आता पक्के ठाऊक आहे. ज्यांना आपल्या लॅपटॉपमधील चावी तपासायची असेल त्यांनी तो मंडळात घेऊन यावा. पाच मिनिटांचे काम आहे.