दांडीचं वस्तुमान आणि एककांची साक्ष

दोन मीटर लांबीची एक दांडी घ्या, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाकडे जाड होत गेलेली. तिचं वस्तुमान तराजूशिवाय कसं काढायचं?

सगळीकडे सारखी असती, तर एका मीटरचं वस्तुमान गुणिले लांबी, एवढ्यावर काम भागलं असतं. इथे मात्र दर मीटरमागचं वस्तुमान, म्हणजे रेषीय घनता, जागोजागी वेगळी आहे. बारीक टोकापासूनचं अंतर x मीटर असेल, तर तिथली घनता समजा अशी आहे:

λ = 2 + 3x² (किलोग्रॅम प्रतिमीटर)

बारीक टोकाला घनता 2, जाड टोकाला 14. दोन्हींची सरासरी 8 धरून लांबीने गुणलं, तर 16 किलो येतात. हे उत्तर चूक आहे, कारण घनता सुरुवातीला हळू वाढते आणि शेवटी झपाट्याने. दांडीचा बराचसा भाग हलकाच राहतो.

म्हणून दांडीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे चार तुकडे कल्पा. प्रत्येक तुकड्याच्या मध्यावरची घनता त्या तुकड्याच्या लांबीने गुणा आणि चारही गुणाकारांची बेरीज करा. ती 11.875 किलो भरते. तुकडे आठ केले, तर सुमारे 11.97. तुकडे बारीक करत गेलं की बेरीज जिथे स्थिरावते, ते खरं वस्तुमान. संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, हेच काम एका पायरीत करतं: 2x + x³. त्यात x = 2 घातलं की 4 + 8 = 12 किलो.

आता एककं तपासू. λ चं एकक किलोग्रॅम प्रतिमीटर आहे, तर x² चं मीटरवर्ग. म्हणून सूत्रातला 3 हा नुसता आकडा नाही, तो 3 किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. संकलनानंतर त्याला x³ चे घनमीटर मिळतात आणि किलोग्रॅम उरतात. पहिल्या पदातही प्रतिमीटर आणि मीटर एकमेकांना छेदतात. उत्तर वस्तुमानाचंच आहे.

या तपासणीचं मोल इथेच दिसतं. एखाद्या विद्यार्थ्याने संकलनाऐवजी चुकून विकलन केलं, तर त्याला 6x मिळेल आणि x = 2 ला तेही बरोबर 12! आकडा जुळला, पण एकक आलं किलोग्रॅम प्रति मीटरवर्ग. ते वस्तुमान असूच शकत नाही.

मात्र एककं सगळ्याच चुका पकडत नाहीत. 3x² चं संकलन करताना तीनने भागायचं राहिलं, तर 4 + 24 = 28 येतात आणि एकक किलोग्रॅमच राहतं. अशा वेळी दोन टोकांच्या मर्यादा पाहाव्यात. अख्खी दांडी बारीक टोकाइतकी हलकी असती, तर 4 किलो भरली असती. अख्खी जाड टोकाइतकी जड असती, तर 28. खरं उत्तर या दोहोंच्या मध्येच असायला हवं. 28 म्हणजे दांडी कुठेच बारीक नाही असं म्हणणं झालं. 12 मात्र दोन्ही कसोट्यांना उतरतो.