तिसरा बाण कुठे वळतो?

टेबलावरच्या एका कडीला दोन दोऱ्या बांधल्या आहेत. एक दोरी कडीला पूर्वेकडे 5 न्यूटन बलाने ओढते. दुसरी 3 न्यूटनने ओढते आणि ती पहिलीपासून उत्तरेच्या अंगाला 60 अंशांवर आहे. आता 1 न्यूटनला 1 सेंटिमीटर असे प्रमाण धरून एकाच बिंदूतून दोन बाण काढा आणि समांतरभुज चौकोन पुरा करा. त्याच बिंदूतून निघणारा कर्ण 7 सेंटिमीटर भरतो, म्हणून परिणामी बल 7 न्यूटन.

पण चौकोनाला कर्ण दोन असतात आणि घोळ तिथेच होतो. दोन बाणांची टोके जोडणारा दुसरा कर्ण जेमतेम 4.4 सेंटिमीटरचा आहे. बरेच विद्यार्थी दोन्ही बाण एका बिंदूतून काढतात, टोके जोडतात आणि त्रिकोण झाला म्हणून थांबतात. आकृती नीटनेटकी दिसते, पण ती बेरीज नसून वजाबाकी असते. ही चूक मोजपट्टीशिवायही ओळखता येते. दोन्ही दोऱ्यांमधला कोन 90 अंशांहून कमी असेल, तर दुसरी दोरी पहिलीला मदतच करते. मग एकट्या पहिलीच्या 5 न्यूटनपेक्षा कमी उत्तर येईलच कसे? कोन त्याहून मोठा असेल तेव्हा मात्र ही कसोटी लागू पडत नाही. 120 अंशांवर हीच दोन बले मिळून खरोखर 4.4 न्यूटन होतात.

त्रिकोण नियमात दुसऱ्या बाणाची शेपूट पहिल्याच्या टोकाला लावायची. बाण उचलून सरकवायचा, पण वळवायचा नाही. तसे केले की त्रिकोणाच्या आतला कोन 120 अंशांचा होतो. तिथे 60 दिसला, तर बाण सरकवताना फिरला आहे असे समजावे.

मग तिसऱ्या बाजूवर बाणाचे टोक कुठे काढायचे? पहिल्या बाणाच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकाकडे. बोट ठेवून आकृतीवरून फिरून पाहा. तिन्ही बाण बोटाला गोल फिरवून सुरुवातीच्या बिंदूवर परत आणत असतील, तर तिसरा उलटा काढला आहे. तो बाण कडीला जागच्या जागी रोखणाऱ्या बलाचा झाला. प्रयोगशाळेत तिसरी दोरी लावून कडी स्थिर ठेवतात, तेव्हा त्या दोरीची दिशा अशीच परिणामी बलाच्या बरोबर विरुद्ध असते. तीच उत्तर म्हणून वहीत उतरवली जाते, ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण आकडा बरोबर असल्याने ती लपून राहते.

शेवटी कोनमापक लावा. परिणामी बाण 5 न्यूटनच्या बाणापासून सुमारे 22 अंशांवर येतो. तो बरोबर मध्ये, म्हणजे 30 अंशांवर, दोन्ही बले सारखी असतील तरच येईल. एरवी तो मोठ्या बलाकडेच झुकतो. म्हणून वहीत नुसते ‘7 न्यूटन’ लिहून थांबू नका. ‘7 न्यूटन, पूर्वेपासून उत्तरेकडे 22 अंश’ असे पुरे लिहा.