तीन रंगांत मावणारा चेहरा

सेल्फीतला चेहरा जुन्या व्हिडिओ गेममधल्या पात्राला द्यायचा, तर त्या गेमचे यंत्र किती रंग दाखवू शकत होते हे आधी पाहावे लागते. निंटेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ साली जपानमध्ये आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून टीव्हीवर जे गेम खेळले जात, त्यांची बरीचशी यंत्रे ही त्याचीच नक्कल होती. फॅमिकॉममध्ये पात्राचे चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांनी बनते आणि प्रत्येक पिक्सेलला दोन बिट मिळतात. दोन बिटांतून चारच पर्याय निघतात. त्यांतला एक पारदर्शक, म्हणजे मागचे दृश्य दिसू देणारा. हातात उरतात तीन रंग.

उदाहरणादाखल चष्मा आणि टिकली लावलेल्या, गव्हाळ वर्णाच्या एका तरुणीचा सेल्फी घेऊ. तो २४०० बाय २४०० पिक्सेलचा चौरस कापून १६ बाय १६ वर आणला, तर नव्या चित्रातला प्रत्येक ठिपका मूळच्या २२,५०० पिक्सेलची सरासरी असतो. या सरासरीत टिकली कपाळाच्या रंगात विरघळते आणि चष्म्याची काडी गायब होते. मग रंग कमी करायचे काम सॉफ्टवेअरवर सोडले की आणखी घोटाळा होतो. बहुतेक सॉफ्टवेअर ज्या रंगाने जास्त जागा व्यापली आहे त्याला प्राधान्य देतात. तीनपैकी एक रंग मागची भिंत खाते, दुसरा केस, तिसरा कातडी. लाल रंगाला वावच राहत नाही.

म्हणून भिंत आधीच खोडायची आणि तीन रंग स्वतः ठरवायचे: केस, डोळे व चष्म्यासाठी गडद तपकिरी, टिकली व कुडत्यासाठी लाल आणि तिसरा गव्हाळ. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Image > Mode > Indexed` इथे असा स्वतःचा रंगसंच देता येतो. तिथेच `Dithering` बंद ठेवावे. दोन रंगांचे ठिपके शेजारी पेरून तिसऱ्या छटेचा भास करण्याची ही युक्ती मोठ्या चित्रात शोभते. सोळा ठिपक्यांच्या चेहऱ्यावर मात्र देवीचे व्रण उठल्यासारखे दिसते.

रंग बरोबर निवडले की नाही, हे चित्र कृष्णधवल करून कळते. भडक लाल आणि गव्हाळ रंग पुष्कळदा एकाच राखाडी छटेत येतात, आणि मग छोट्या पडद्यावर टिकली उठून दिसत नाही. अशा वेळी कातडी गोरी करण्याचा मोह होतो, पण तो चेहरा मग तिचा राहत नाही. लाल रंग डाळिंबीकडे झुकवला की केस, टिकली आणि कातडी अशा तीन वेगळ्या पायऱ्या मिळतात. सेल्फीत नाकाच्या एका बाजूला सावली असेल, तर ती केसांच्या रंगात जाऊन गालावर डाग पडतो. म्हणून रंग बदलण्यापूर्वीच सावली उजळून घ्यावी.

यापुढचे काम हाताचे आहे, आणि खरी कला इथेच लागते. सोळा ही सम संख्या. त्यामुळे एका ठिपक्याची टिकली अचूक मध्यभागी बसतच नाही, आणि दोन ठिपक्यांची केली तर आडवा टिळा दिसतो. उपाय असा, की डोके १३ ठिपके रुंद ठेवायचे. सातवा स्तंभ मध्य ठरतो. दोन्ही कडांना केसांचा एकेक स्तंभ गेला की चेहऱ्याला ११ उरतात. त्यात पाच-पाच ठिपक्यांच्या दोन काचा आणि मधला एक ठिपका नाकावरच्या दांडीचा, असा चष्मा नेमका बसतो. प्रत्येक काचेत डोळ्यासाठी एक गडद ठिपका पुरे. चष्म्याची वरची कड काढू नये, ती जाड भुवईसारखी दिसते; खालची कड आणि दांडी एवढ्यावर डोळा चष्मा ओळखतो. तोंड वगळले तरी चालते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला मिशी मिळाली ती तोंड काढणे टाळण्यासाठी, आणि टोपी मिळाली ती केस टाळण्यासाठी.

तयार चित्र पीएनजीमध्ये साठवावे. जेपीजीमध्ये कडांशी नवे मिश्र रंग तयार होतात आणि तीनाचे तीस होतात. मोठे करताना पूर्ण पटीतच, म्हणजे चारपट किंवा आठपट करावे आणि `Interpolation` ला `None` निवडावे, नाहीतर कडा धूसर होतात.

चौथ्या रंगावाचून अडलेच, तर वेगळा रंगसंच घेतलेला दुसरा तुकडा पहिल्यावर ठेवता येतो. १९८७ च्या ‘मेगा मॅन’मध्ये नायकाचा चेहरा असाच वेगळ्या तुकड्याने काढला होता. मात्र फॅमिकॉम एका आडव्या रेषेत आठच तुकडे दाखवतो, त्यामुळे पडद्यावर गर्दी झाली की नववा तुकडा त्या रेषेपुरता दिसत नाही.