डिझेल गेलं कुठे?

भिवंडीच्या गोदामातून माल भरलेला एक बारा चाकी ट्रक रात्री आठला इंदूरकडे निघाला, असं समजू. कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा असा साधारण ५५० किलोमीटरचा रस्ता. टाकीत ३१० लिटर डिझेल आहे आणि भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला चार किलोमीटर पडतं. म्हणजे १३८ लिटरच्या आसपास खर्च व्हायला हवा. पण इंदूरला गाडी उभी राहते तेव्हा टाकीत १३७ लिटरच शिल्लक असतं. वाटेत कुठेही डिझेल भरलेलं नाही. म्हणजे १७३ लिटर संपलं, अंदाजापेक्षा ३५ लिटर जास्त.

वर्षानुवर्षं अशा फरकाचा निकाल मालक आणि ड्रायव्हर यांच्या भांडणात लागत आला. घाटात गाड्या अडकल्या होत्या, माल जड होता, समोरून वारा होता, ही ड्रायव्हरची कारणं बऱ्याचदा खरीही असायची. पण ती पडताळणार कशी? आता गाडीत बसवलेलं टेलिमॅटिक्सचं यंत्र दर काही सेकंदांनी तीन गोष्टी कळवत राहतं: गाडी कुठे आहे, इंजिन काय करतंय आणि टाकीत किती डिझेल आहे. मोबाइलसारखंच सिम कार्ड असतं, जीपीएस असतं, एक वायर इग्निशनला आणि एक इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेली असते. यातली टाकीची बातमी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत फसवीही.

डॅशबोर्डवरचा काटा ड्रायव्हरला ‘आता भरायला हवं’ एवढं सांगण्यापुरता असतो. हिशेबासाठी तो कामाचा नाही. म्हणून टाकीला वरून भोक पाडून जवळजवळ तळापर्यंत पोचणारा एक दांडीसारखा सेन्सर सोडतात. त्यात एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या असतात. नळ्यांच्या मधल्या फटीत डिझेल असेल तर ती जास्त विद्युतभार धरून ठेवते, हवा असेल तर त्याच्या निम्म्यानेच. पातळी खाली गेली की आकडा उतरतो. पण या आकड्याचे लिटर करायचे तर टाकी रिकामी करून, वीस-वीस लिटर ओतत, दर वेळी सेन्सर काय दाखवतो ते नोंदवावं लागतं. टाकीचे कोपरे गोल असतात, कुठे पोचा आलेला असतो, त्यामुळे दोन टाक्या तंतोतंत सारख्या नसतात. या कामात अर्धा दिवस जातो, म्हणून काही फिटर दुसऱ्याच गाडीचा तक्ता चिकटवून मोकळे होतात. चोरीच्या कितीतरी खोट्या तक्रारी इथेच जन्माला येतात. काम नीट केलं असेल तर ४०० लिटरच्या टाकीत तीन-चार लिटरचा फरक राहतो, तेवढा सोडून द्यायचा.

आता आपल्या ट्रकचा रात्रीचा आलेख पाहू. कसारा घाटात डिझेलची रेषा अचानक १५ लिटरने खाली जाते. नवखा माणूस लगेच फोन उचलेल. पण गाडी ताशी वीसने चढतेय, इंजिन जोर लावतंय आणि घाट संपताच रेषा पुन्हा वर येते. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला जमा होतं आणि सेन्सर नेमका मध्यावर नसेल तर त्याला पातळी कमी दिसते. पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाटातही हेच घडतं. जे डिझेल परत येतं ते चोरलेलं नसतं. पहाटेच्या थंडीनेही डिझेल आकसतं. पंधरा अंशांनी तापमान उतरलं तर अडीचशे लिटरमागे सुमारे तीन लिटर कमी दिसतात. पण ही घट तासन्‌तास, हळूहळू होते.

मालेगावच्या पुढे मात्र चित्र वेगळं आहे. रात्री दोनच्या सुमाराला गाडी महामार्ग सोडून दीड किलोमीटर आत जाते. ठरलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटरचा पट्टा नकाशावर आखलेला असतो. तो ओलांडताच सूचना येते. नुसत्या या सूचनेला फार किंमत देऊ नये. पुढे अपघात होऊन रस्ता बंद असेल, पंक्चरवाला आत बसत असेल, ओळखीचा ढाबा असेल. पण इथे गाडी थांबते, इग्निशन बंद होतं आणि सात मिनिटांत रेषा ३१ लिटरने उतरते, एखाद्या पायरीसारखी. गाडी सपाट जागी उभी आहे, इंजिन बंद आहे आणि रेषा पुन्हा वर येत नाही. निष्क्रिय चालणारं ट्रकचं इंजिन तासाला साधारण दोन लिटर पितं. सात मिनिटांत ३१ लिटर जायला नळी आणि कॅनच हवा.

तरीही एक शेवटची खात्री उरते. इंजिनमध्ये प्रत्यक्ष किती डिझेल गेलं याची मोजणी इंजिनचा कॉम्प्युटर स्वतंत्रपणे करतो. आपल्या फेरीत तो १४२ लिटर दाखवतो. टाकीतून गेले १७३. फरक बरोबर ३१. अंदाजापेक्षा जे ३५ लिटर जास्त गेले होते, त्यांतले उरलेले चार कुठे गेले तेही याच नोंदीत सापडतं: इंदूरच्या गोदामाबाहेर दोन तास इंजिन चालू होतं.

टाकी आणि इंजिन हे दोन हिशेब समोरासमोर ठेवण्याचा मोठा फायदा हळू चालणाऱ्या चोरीत दिसतो. डिझेल इंजिनमध्ये न वापरलेलं इंधन एका रिटर्न पाइपने टाकीत परत येतं. काही जण तोच पाइप कापून चालत्या गाडीत थोडं थोडं डिझेल कॅनमध्ये घेतात. आलेखावर पायरी उमटतच नाही, फक्त अ‍ॅव्हरेज घसरलेलं दिसतं आणि मालक इंजिनचं काम काढतो. इंजिनचा आकडा मात्र नेहमीसारखाच राहतो आणि टाकी त्याहून जास्त रिकामी होत जाते. पंपावर २०० लिटरचं बिल आणि टाकीत १८० लिटरची वाढ, ही तफावतही अशीच उघडी पडते.

इंजिन निष्क्रिय ठेवण्याचा प्रश्न मात्र चोरीच्या रांगेत बसवू नये. सकाळी एअर ब्रेकमध्ये हवा भरेपर्यंत काही मिनिटं इंजिन चालू ठेवावंच लागतं. बीएस-६ गाडीच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायची असेल तर गाडी उभी करून अर्धा तास इंजिन चालवावं लागतं. कंपनीच्या गेटबाहेरच्या रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवायची तर ड्रायव्हर ती बंद करणार कशी? त्या डिझेलचा जाब ड्रायव्हरला नाही, माल उतरवायला उशीर लावणाऱ्याला विचारायला हवा. तारीख-वेळेची नोंद हातात असल्याने आता तो विचारताही येतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मे महिन्यात धुळ्याला दुपारी झोपलेल्या माणसाने एसीसाठी इंजिन चालू ठेवलं, तर तो खर्च त्याच्या विश्रांतीचा आहे आणि मालकाने तो फेरीच्या हिशेबात आधीच धरावा.

अनेक ठिकाणी फेरीमागे ठरावीक डिझेल देण्याची पद्धत आहे; वाचलं ते ड्रायव्हरचं. अशा ठिकाणी जपून गाडी चालवून वाचवलेलं डिझेल विकणाऱ्याला सेन्सर एका रात्रीत चोर ठरवतो, हे अन्यायाचं आहे. सेन्सर बसवण्याआधी हा करार बदलायला हवा: वाचलेल्या लिटरचे पैसे टाकीतून न काढता पगारात मिळावेत आणि आलेख ड्रायव्हरच्या मोबाइलवरही दिसावा. डिझेल ९० रुपये धरलं तर मालेगावच्या त्या सात मिनिटांत २,७९० रुपये गेले. त्यांची विचारणा करताना घाटातली खोटी घट, थंडीने आकसलेलं डिझेल आणि गेटबाहेरचे दोन तासही त्याच कागदावर असले, तर ड्रायव्हरला आपली बाजू मांडायला जागा राहते.